खांदा, कोपर आणि एक काटकोन त्रिकोण

जपानमधल्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांच्या गटाने १९७८ मध्ये एका नव्या यंत्रहाताचा पहिला नमुना उभा केला. १९८१ पासून तो बाजारात आला आणि ‘स्कारा’ या नावाने जगभरच्या कारखान्यांत पोहोचला. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवर बारीक भाग बसवणे, गोळ्यांची पाकिटे उचलून खोक्यात ठेवणे, स्क्रू आवळणे अशा कामांना तो आजही जुंपलेला दिसतो. त्याची रचना सोपी आहे. एका खांबावर आडवी फिरणारी एक भुजा, तिच्या टोकाला तशीच आडवी फिरणारी दुसरी भुजा आणि तिच्या टोकाशी वर-खाली सरकणारा दांडा. दोन्ही सांध्यांचे आस उभे असल्यामुळे हात आडव्या दिशेने किंचित लवचीक राहतो, उभ्या दिशेने मात्र ताठ असतो. छिद्रात खिळा वरून दाबून बसवायला नेमके हेच लागते: खिळा बाजूने थोडासा सरकून जागा धरतो, पण दाब पडल्यावर हात खाली वाकत नाही.

वर-खाली सरकणारा दांडा बाजूला ठेवला, तर उरतो तो फक्त सपाट पृष्ठभागावर हलणारा दोन भुजांचा हात. पहिला सांधा म्हणजे खांदा, दुसरा म्हणजे कोपर. प्रत्येक सांध्यात एक मोटर. मोटरला कळतो तो फक्त कोन. टेबलावरचा भाग मात्र अमुक मिलिमीटर उजवीकडे आणि तमुक मिलिमीटर पुढे असा असतो. हाताचे टोक त्या जागी नेण्यासाठी खांदा किती वळवायचा आणि कोपर किती वळवायचे, हा प्रश्न कंट्रोलरला दर काही मिलिसेकंदांनी नव्याने सोडवावा लागतो. यंत्रमानवशास्त्रात याला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात.

उलट दिशेचा प्रश्न सोपा आहे. कोन दिले आणि टोक कुठे आहे ते विचारले, तर उत्तर दोन ओळींत येते. पहिल्या भुजेची लांबी L1, दुसरीची L2. खांद्याचा कोन θ1 हा टेबलाच्या x अक्षापासून मोजायचा. कोपराचा कोन θ2 मोजायचा तो पहिली भुजा सरळ पुढे वाढवली असती त्या रेषेपासून. म्हणजे कोपर शून्यावर असेल तेव्हा हात पूर्ण ताणलेला. मग

```
x = L1*cos(θ1) + L2*cos(θ1+θ2)
y = L1*sin(θ1) + L2*sin(θ1+θ2)
```

आता x आणि y माहीत आहेत आणि दोन्ही कोन शोधायचे आहेत. दोन समीकरणे, दोन अज्ञात; पण दोन्ही अज्ञात साइन आणि कोसाइनच्या आत अडकलेले आणि वर एकमेकांत मिसळलेले. समीकरणांकडे बघत बसले की वाट सापडत नाही. आकृती काढली की सापडते.

क्षणभर खांद्याचा कोन विसरून जाऊ. पहिली भुजा कागदावर आडवी ठेवा आणि कोपर θ2 ने वळवा. हाताच्या टोकापासून पहिल्या भुजेच्या रेषेवर लंब टाका. दुसऱ्या भुजेमुळे टोक त्या रेषेच्या दिशेने L2·cosθ2 इतके पुढे जाते आणि रेषेपासून L2·sinθ2 इतके बाजूला सरते. म्हणजे एक काटकोन त्रिकोण तयार झाला. त्याची एक बाजू L1 + L2·cosθ2, दुसरी L2·sinθ2, आणि कर्ण म्हणजे खांद्यापासून टोकापर्यंतचे सरळ अंतर. हे अंतर r म्हणू. पायथागोरसचे प्रमेय लावून कंस सोडवले, की साइनचा वर्ग आणि कोसाइनचा वर्ग मिळून १ होतात आणि उरते एवढेच:

```
r² = L1² + L2² + 2*L1*L2*cos(θ2)
```

या समीकरणात खांद्याचा कोन कुठेच नाही, आणि सगळी सोडवणूक इथेच आहे. खांदा कितीही फिरवला तरी हाताच्या टोकाचे खांद्यापासूनचे अंतर बदलत नाही. ते ठरवते फक्त कोपर. म्हणून लक्ष्यबिंदूचे अंतर मोजले की कोपराचा कोन लगेच हातात येतो. पुष्कळ पुस्तके इथे थेट कोसाइनचा नियम लावतात. ते बरोबरच आहे, कारण हा तोच नियम आहे. आपल्याकडे दहावीच्या भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाचे उपयोजन म्हणून लघुकोन आणि विशालकोन त्रिकोणांची जी दोन सूत्रे येतात, तीही त्याचीच रूपे आहेत. तरी मला लंब टाकण्याची वाट जास्त पटते, कारण तोच काटकोन त्रिकोण पुढे खांद्याचा कोन काढायलाही उपयोगी पडतो.

तो असा. लक्ष्यबिंदू खांद्यापासून कोणत्या दिशेला आहे ते x आणि y वरून कळते. पण पहिली भुजा त्या दिशेला रोखलेली नसते. कोपर वाकलेले असल्यामुळे ती थोडी बाजूला असते. किती बाजूला? आपल्या काटकोन त्रिकोणात खांद्यापाशी जो कोन आहे, तेवढी. त्याच्या दोन्ही बाजू आपल्याला आता माहीत आहेत. लक्ष्याच्या दिशेतून हा कोन वजा केला की खांद्याचा कोन मिळाला.

आता आकडे घेऊन बघू. पहिली भुजा ३०० मिलिमीटर, दुसरी २०० मिलिमीटर. उचलायचा भाग x = ४००, y = १०० या जागी आहे. अंतराचा वर्ग १,६०,००० अधिक १०,००० म्हणजे १,७०,०००. त्यातून भुजांचे वर्ग, ९०,००० आणि ४०,०००, वजा केले की ४०,००० उरतात. याला दोन गुणिले ३०० गुणिले २०० म्हणजे १,२०,००० ने भागले. कोपराच्या कोनाचा कोसाइन आला एक तृतीयांश, म्हणजे कोन ७०.५३ अंश. त्याचा साइन ०.९४२८. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३६६.६७ आणि १८८.५६ मिलिमीटर, आणि खांद्यापाशी असलेला कोन २७.२१ अंश. लक्ष्याची दिशा १४.०४ अंश. वजाबाकी केली की खांदा उणे १३.१८ अंशांवर. पडताळा घ्यायचा तर हे कोन वरच्या दोन सरळ समीकरणांत घाला: पहिली भुजा कोपराला २९२.१ आणि उणे ६८.४ या जागी नेते, तिथून दुसरी भुजा १०७.९ आणि १६८.४ ची भर घालते, बेरीज ४०० आणि १००.

पण हे अर्धेच उत्तर झाले. ज्याचा कोसाइन एक तृतीयांश आहे असा आणखी एक कोन आहे: उणे ७०.५३ अंश. तो घेतला तर साइनचे चिन्ह उलटते, २७.२१ अंश वजा होण्याऐवजी मिळवले जातात, आणि खांदा ४१.२५ अंशांवर येतो. कोपर आता २२५.६ आणि १९७.८ या जागी, म्हणजे खांद्यापासून लक्ष्यापर्यंतच्या रेषेच्या दुसऱ्या बाजूला आहे. टोक मात्र त्याच बिंदूवर. ही दोन्ही उत्तरे त्या रेषेत एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. कारखान्यात यांना उजवा हात आणि डावा हात म्हणतात, आणि प्रोग्राम लिहिताना बिंदूसोबत हात कोणता तेही नोंदवावे लागते. गणिताला दोघांत डावे-उजवे करता येत नाही. ते ठरवायचे शेजारी उभे असलेले मशिन, सांध्यांच्या फिरण्याच्या मर्यादा आणि हात आधी कुठे होता हे पाहून. एकदा हात निवडला की सबंध सरळ रेषेतल्या हालचालीत तोच ठेवावा लागतो. मध्येच बदलायचा तर कोपर सरळ होऊन पलीकडे जावे लागते, आणि तेवढ्यात टोक ठरलेल्या रेषेवरून कुठल्या कुठे जाते.

सगळी आकडेमोड कंट्रोलरसाठी लिहिली तर इतकीच होते:

```python
from math import atan2, sqrt

def ik(x, y, L1, L2, hand):     # hand: +1 / -1
    c = (x*x + y*y - L1*L1 - L2*L2) / (2*L1*L2)
    if abs(c) > 1 + 1e-9:
        return None
    c = max(-1.0, min(1.0, c))
    s = hand * sqrt(1 - c*c)
    t2 = atan2(s, c)
    t1 = atan2(y, x) - atan2(L2*s, L1 + L2*c)
    return t1, t2
```

कोन इथे रेडियनमध्ये येतात. यातल्या `atan2` कडे थोडे थांबून पाहायला हवे. y ला x ने भागून टॅन्जंटचा व्यस्त काढला तर पुढे-उजवीकडे असलेला बिंदू आणि त्याच्या थेट विरुद्ध, मागे-डावीकडे असलेला बिंदू यांचा भागाकार सारखाच येतो. मग मागचा भाग उचलायला पाठवलेला हात पुढे जातो. शिवाय बिंदू अगदी y अक्षावर असला तर शून्याने भागायची वेळ येते. `atan2` ला दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात, त्यामुळे ते चिन्हे पाहून योग्य चरण ठरवते. नवशिक्याच्या प्रोग्राममध्ये हात टेबलाच्या अर्ध्या भागात बरोबर आणि उरलेल्या अर्ध्यात नेमका उलटा चालत असेल, तर आधी इथे बघावे.

c ची तपासणी ही दुसरी काळजीची जागा. आपला हात खांद्यापासून जास्तीत जास्त ५०० मिलिमीटर पोहोचतो आणि कमीत कमी १०० मिलिमीटर, कारण कोपर पूर्ण मिटले तरी ३०० मधून २०० वजा होऊन १०० उरतातच. त्याची पोहोच म्हणजे मध्ये भोक असलेली चकती. बाहेरच्या बिंदूसाठी c हा १ पेक्षा मोठा येतो, भोकातल्या बिंदूसाठी उणे १ पेक्षा लहान. असा कोसाइन असलेला कोनच नाही, म्हणून उत्तरही नाही. पण बिंदू नेमका काठावर असेल तर संगणकाच्या दशांश गणितातली सूक्ष्म चूक c ला १ च्या केसभर पुढे ढकलू शकते, आणि मग पायथॉनचे `acos` `ValueError` देऊन थांबते. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून c ला सरसकट १ वर छाटतात. हे धोक्याचे आहे. खरोखर ३० मिलिमीटर बाहेर असलेल्या बिंदूलाही मग उत्तर मिळते. हात त्या दिशेला ताठ पसरून थांबतो आणि कंट्रोलर समजतो की काम झाले. म्हणून आधी खऱ्या अर्थाने बाहेर असलेले बिंदू नाकारायचे आणि फक्त गणनेतल्या धुळीएवढ्या फरकासाठी छाटायचे.

तिसरी अडचण सांध्याच्या फेऱ्यांची. वरच्या वजाबाकीतून खांद्याचा कोन कधी १९० अंश येईल. भूमितीच्या दृष्टीने १९० आणि उणे १७० एकच, पण हाताच्या आतून गेलेल्या वायरींना ते एक नसतात. म्हणून उत्तरात ३६० मिळवून किंवा वजा करून, सांध्याच्या मर्यादेत बसणारा आणि आधीच्या जागेला जवळचा कोन निवडावा लागतो.

ही सगळी सोडवणूक एका सूत्रात बसते, हे कंट्रोलरसाठी फार सोयीचे असते. सूत्र नसते तर अंदाजाने कोन धरायचे, टोक कुठे येते ते पाहायचे, चूक पाहून कोन सुधारायचे आणि हेच परत करायचे. ती पद्धतही चालते, पण सुरुवात जिथून केली तिथल्या जवळचे एकच उत्तर ती देते, आणि किती फेऱ्या लागतील हे आधी सांगता येत नाही. सूत्र दोन्ही उत्तरे देते आणि दरवेळी तेवढाच वेळ घेते. सहा सांध्यांच्या मोठ्या हातांनाही अशीच वाट मिळावी म्हणून डोनाल्ड पीपर यांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात एक अट दाखवून दिली: एकापुढे एक येणाऱ्या तीन सांध्यांचे आस एका बिंदूत मिळत असतील तर बंद सूत्र निघते. म्हणूनच पुष्कळ औद्योगिक हातांच्या मनगटाचे तीनही आस एकत्र येतात. अशा नेहमीच्या घडणीच्या हातात मनगट बाजूला काढले, की खांदा आणि कोपर यांच्यात बहुधा आपला हाच त्रिकोण सापडतो.

सूत्राला उत्तर देता येते म्हणून मोटरला ते झेपेलच असे मात्र नाही. आपला हात टोक सेकंदाला १०० मिलिमीटर या कायम वेगाने खांद्यापासून सरळ बाहेर नेतो आहे असे धरा. r आणि θ2 च्या समीकरणावरून कोपराला किती वेगाने फिरावे लागेल ते काढता येते: r गुणिले टोकाचा वेग, भागिले L1·L2·sinθ2. कोपर ७०.५३ अंशांवर असताना ते सेकंदाला ४२ अंश येते; मोटरसाठी काहीच नाही. कोपर १० अंशांवर आले की २७४ अंश. ५ अंशांवर ५४७. १ अंशावर २,७३६, आणि एवढा वेग देणे कुठल्याही कोपराच्या आवाक्याबाहेरचे. भागाकारात खाली साइन आहे आणि हात सरळ होताना तो शून्याकडे जातो, हे त्याचे कारण. दुसऱ्या बाजूने पाहिले तर कोपर १० अंशांवर असताना टोक ४९८.२ मिलिमीटरवर पोहोचलेलेच असते. उरलेले जेमतेम २ मिलिमीटर मिळवायला पूर्ण १० अंश खर्ची पडतात. प्रत्यक्षात हे असे दिसते की काठाजवळच्या सरळ रेषेत हात धक्का खातो, किंवा कंट्रोलर वेग ओलांडल्याची चूक दाखवून थांबतो. प्रोग्राममध्ये काही चुकलेले नसते. भाग ठेवायचा ट्रे ३० मिलिमीटर खांद्याकडे सरकवला की तोच प्रोग्राम निमूट चालतो. म्हणून टेबल मांडतानाच काठाजवळचा पट्टा मोकळा ठेवलेला बरा.

आता शेवटची गोष्ट, आणि मला या विषयातली सगळ्यात देखणी वाटणारी. सूत्र बरोबर असले तरी त्याला मिळणारे आकडे चुकीचे असू शकतात. कोपराची मोटर बदलली, बेल्ट सैल होऊन दात सरकला, की कंट्रोलर ज्याला शून्य समजतो ते खरे शून्य राहत नाही. समजा ही चूक ०.२ अंशाची आहे. हात दरवेळी त्याच चुकीच्या जागी जाईल. पुन्हा पुन्हा चालवून मोजले तर फरक मिलिमीटरच्या शतांशांतच दिसेल, त्यामुळे सगळे ठीक वाटेल. मग चूक पकडायची कशी? त्याच बिंदूवर एकदा उजव्या हाताने आणि एकदा डाव्या हाताने जाऊन.

आपल्या ४००, १०० या बिंदूवर पहिल्या पद्धतीने जाताना कोपर ७०.५३ ऐवजी ७०.७३ अंशांवर पोहोचते, म्हणजे थोडे जास्त मिटते आणि टोक खांद्याकडे ओढले जाते. दुसऱ्या पद्धतीने तेच कोपर उणे ७०.५३ ऐवजी उणे ७०.३३ वर थांबते, म्हणजे थोडे जास्त उघडते आणि टोक बाहेर जाते. टेबलावर कागद चिकटवून टोकाला टोकदार सुई लावली, तर एका बिंदूच्या जागी दोन खुणा उमटतात, एकमेकींपासून ०.९६ मिलिमीटरवर. आणि त्या दोन खुणांना जोडणारी रेषा खांद्याच्या दिशेने असते. भुजेची लांबी चुकीची भरली असती तर दोन्ही हातांच्या चुका आरशातल्या प्रतिबिंबासारख्या आल्या असत्या, आणि खुणा खांद्याच्या रेषेला आडव्या पडल्या असत्या. म्हणजे खुणा कशा पडल्या यावरून चूक कुठली ते कळते.

किती दुरुस्ती करायची तेही तेच समीकरण सांगते. खुणांमधल्या अंतराचा निम्मा भाग, ०.४८ मिलिमीटर, गुणिले r, भागिले L1·L2·sinθ2. येतात ०.००३५ रेडियन, म्हणजे आपले ०.२ अंश. कोपराचे शून्य तेवढे सरकवले की दोन्ही खुणा एकावर एक येतात. खांद्याच्या शून्यातली चूक मात्र या चाचणीत दिसत नाही, कारण ती दोन्ही हातांना सारखीच फिरवते. तिच्यासाठी टेबलावर आधी नीट मोजून ठेवलेली खूण लागते, आणि ती खांद्यापासून जितकी लांब तितके बरे: ०.२ अंशाच्या चुकीने १५० मिलिमीटरवर अर्धा मिलिमीटर फरक पडतो, ४५० वर दीड मिलिमीटरहून जास्त.